केसांना फुगवटा देणे (छायाचित्र संस्करण)

डोक्याला चिकटून बसलेल्या केसांना छायाचित्रात उठाव देण्याचे काम. स्टुडिओच्या बोलीत याला ‘केस फुगवणे’ किंवा ‘व्हॉल्यूम देणे’ म्हणतात. केसांचा आकार ओढून वर घेणे, म्हणजे वॉर्प, आणि त्याच डोक्यावरच्या लटा दुसरीकडे उमटवणे, म्हणजे क्लोन, अशा दोन हत्यारांनी हे काम होते. फोटोशॉपमध्ये ओढण्यासाठी लिक्विफाय २००० साली आले आणि जाळी धरून वाकवण्याची वॉर्पची सोय २००५ साली मिळाली. जिंपमध्येही क्लोन आणि वॉर्प ही दोन्ही हत्यारे आहेत. कामातला मोठा दोष म्हणजे केस टोप घातल्यासारखे दिसणे. कडा गुळगुळीत, सगळीकडे सारखी जाडी आणि कपाळावर जणू हेल्मेट ठेवलेले, असा तो आकार असतो.

पुण्यात हे काम वारंवार निघते, त्याला इथली राहणी कारण आहे. स्थळासाठी किंवा नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला येणारी मुलगी बहुतेक वेळा दुचाकीवरून येते. डोक्याला आणि चेहऱ्याला स्कार्फ घट्ट गुंडाळलेला असतो, कधी त्यावर हेल्मेट असते. अर्ध्या तासात टाळूवरचे केस दबतात आणि कानांच्या वर आडवी खाच पडते. केसांना तेल असेल तर लटा एकमेकींना चिकटतात आणि भांगाजवळची त्वचा रुंद दिसू लागते. फोटो काढण्यापूर्वी डोके खाली झुकवून केस मुळांपासून मोकळे केले, किंवा भांग दहा मिनिटे उलट्या बाजूला पाडून ठेवला, तर निम्मे काम तिथेच होते. पडद्यावर तासभर घासण्यापेक्षा हा उपाय केव्हाही बरा. पण फोटो हातात येतो तेव्हा ती वेळ बहुधा गेलेली असते.

काय हलते आणि काय हलत नाही

खरे केस फुगतात ते मुळाशी. मूळ त्वचेतच राहते, तिथून केस थोडा उभा निघतो आणि मग वळून खाली येतो. त्यामुळे फुगलेल्या डोक्यावरही काही जागा कवटीला धरूनच असतात. भांग, कपाळावरची केसांची रेषा, कान आणि केस बांधले असतील तर बांधल्याची जागा, ही ती ठिकाणे. भांगाच्या दोन्ही बाजूंचे केस वर उठतात, पण भांग स्वतः उठत नाही. म्हणून बाह्यरेषेत भांगाच्या जागी एक लहानशी दरी दिसते.

टोपाचा दोष बहुतेक वेळा इथेच जन्मतो. काम करणारा मोठा ब्रश घेऊन संपूर्ण माथा एकदम वर ढकलतो. भांगही वर जातो, दरी बुजते आणि कवटीच उंच झाल्यासारखी दिसते. लिक्विफायमध्ये हात लावण्यापूर्वी Freeze Mask ने भांग, कपाळाची रेषा आणि कान गोठवून घ्यावेत. डोक्यात गजरा असेल तर तोही गोठवावा, कारण ताणलेली मोगऱ्याची कळी लांबट होते आणि ती चूक पाहणाऱ्याच्या लगेच ध्यानात येते.

किती उचलायचे याचे माप चेहऱ्यातूनच मिळते. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर असेल तर डोळ्यांची रेषा हनुवटी आणि कवटीचा माथा यांच्या साधारण मध्यावर येते. हनुवटीपासून डोळ्यांपर्यंतचे अंतर मोजून तेवढेच वर टाकले, की केसांखाली दडलेली कवटी सापडते. त्यावर जे उरते ती केसांची जाडी. फोटो वरून किंवा खालून काढला असेल तर हे माप फसते.

एक उदाहरण

४००० × ६००० पिक्सेलचा उभा फोटो घेऊ. मुलगी समोर पाहते आहे, केस मोकळे आहेत, भांग तिच्या डाव्या बाजूला आहे आणि मागे साधा राखाडी पडदा आहे. हनुवटीपासून डोळ्यांच्या रेषेपर्यंत ७६० पिक्सेल भरतात, म्हणजे कवटी सुमारे १५२० पिक्सेल उंच आहे. खऱ्या डोक्याची ही उंची २२ सेंटिमीटरच्या आसपास धरली तर १ मिलिमीटरला ७ पिक्सेल पडतात. माथ्यावर केसांची रेषा कवटीच्या फक्त ४५ पिक्सेल वर आहे, म्हणजे जेमतेम साडेसहा मिलिमीटर. भांगाच्या जड बाजूला, म्हणजे जिकडे जास्त केस पडतात तिकडे, १ सेंटिमीटर उठाव पुरेसा होईल. ते ७० पिक्सेल झाले. हलक्या बाजूला त्याच्या निम्मे. कानाकडे येता येता दोन्ही बाजूंचा उठाव शून्यावर आला पाहिजे.

हे ७० पिक्सेल सगळे ओढून मिळवता येतात, पण मिळवू नयेत. माथ्यावर केस बाह्यरेषेला जवळजवळ समांतर धावतात. तिथे वर ओढणे म्हणजे केसांना आडवे ताणणे, आणि आडवा ताणलेला केस जाड व धूसर होतो. ७० पिक्सेलचा ताण वरच्या १०० पिक्सेलच्या पट्ट्यातच बसवला तर प्रत्येक लट १.७ पट जाड होते आणि केस दोरखंडासारखे दिसतात. कपाळाच्या रेषेपासून माथ्यापर्यंतच्या सगळ्या २८० पिक्सेलमध्ये तो पसरला तर जाडी १.२५ पटीवर येते. वॉर्पने फक्त ४० पिक्सेल उचलले तर ती १.१४ पटच राहते आणि डोळ्याला कळत नाही. म्हणून ४० पिक्सेल वॉर्पला द्यावेत आणि उरलेले ३० क्लोनवर सोपवावेत.

वॉर्पसाठी मूळ थराची प्रत काढून ब्रश मोठा ठेवावा. या फोटोत ५०० ते ६०० पिक्सेल चालतो. दाब २० ते ३० च्या दरम्यान असावा, म्हणजे एका फटकाऱ्यात थोडेच सरकते. ढकलण्याची दिशा सरळ वर नसावी. केस भांगापासून ज्या दिशेला निघतो त्या दिशेला किंचित तिरके, कमानीसारखे ढकलावे. मागचा पडदाही थोडा सरकतो, पण तो साधा असल्याने कळत नाही. शनिवारवाड्याच्या दगडी भिंतीसमोर काढलेल्या फोटोत मात्र दगडांचे सांधे वाकतात. तिथे डोके वेगळे कापून भिंतीच्या थरावर बसवावे लागते.

पुढची पायरी लटांची. क्लोन स्टॅम्पने केसांवर आडवेतिडवे थापले की धूसर ठिगळ तयार होते, हा नवशिक्यांचा नेहमीचा अनुभव. त्यापेक्षा त्याच बाजूची एक अखंड लट, साधारण ६० पिक्सेल रुंद आणि ३०० लांब, कडा मऊ ठेवून निवडावी आणि नव्या थरावर उचलावी. Ctrl+T दाबून Warp निवडावे आणि तिची पाठ कमानीत वाकवून मूळ टोक भांगाजवळ टेकवावे. विरुद्ध बाजूची लट उलटवून आणू नये. प्रकाश एका बाजूने येत असतो आणि उलटलेल्या लटेवर चमक चुकीच्या कडेला पडते.

या फोटोत जड बाजूला अशा पाच लटा पुरतात. त्यांची उंची एकसारखी ठेवली तर सगळी मेहनत वाया जाते. एक ३० पिक्सेल उठवावी, शेजारची १८, मग २६, मग १०, आणि शेवटची जवळजवळ जागेवरच. दोन लटांमध्ये कुठे तरी फट राहू द्यावी. सांधे बुजवायला मात्र क्लोन स्टॅम्पच हवा. त्यासाठी नवा रिकामा थर घ्यावा, Sample मध्ये Current & Below निवडावे आणि ब्रश केसांच्या दिशेनेच ओढावा. दर फटकाऱ्याला उगम बदलावा. एकच वळण दोनदा दिसले की क्लोन पकडला जातो.

सुटे केस आणि सावली

आपल्याकडच्या काळ्या केसांची अडचण वेगळी आहे. सोनेरी केसांची कडा पार्श्वभूमीत सहज विरते. काळ्या केसांची कडा उजळ पडद्यावर कात्रीने कापल्यासारखी उठून दिसते, त्यामुळे टोपाचा भास लवकर होतो. यावर सुटे केस हाच इलाज. पण ते काळ्या रंगात रेखाटले तर तारा दिसतात. केसाची जाडी ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते, आणि या फोटोत १ मिलिमीटरला ७ पिक्सेल आहेत. म्हणजे एकटा केस एक पिक्सेलही पुरता भरत नाही. कॅमेऱ्यात त्याचा रंग पडद्याच्या रंगात मिसळून राखाडी दिसतो. म्हणून ब्रश १ ते २ पिक्सेलचा, रंग केसांतूनच उचललेला आणि अपारदर्शकता ५० टक्क्यांच्या खाली ठेवावी. दहा-बारा केस पुष्कळ झाले. तेही दोन-तीन ठिकाणी घोळक्याने यावेत, सारख्या अंतरावर नकोत.

आकार बदलला आणि सावली तशीच राहिली तरी केस पोकळ वाटतात. उठलेल्या केसाच्या मुळाशी, भांगाला लागून, अंधार वाढतो. लटांमधल्या घळीही गडद होतात. माथ्यावरून गेलेला चमकेचा पट्टा वॉर्पमुळे रुंद झालेला असतो. घळींवर हलकी काळी छटा देऊन तो दोन-तीन ठिकाणी तोडावा. अखंड चमकणारा पट्टा हे पॉलिश केलेल्या हेल्मेटचे लक्षण आहे, केसांचे नाही. जेपीईजीमध्ये काळे केस एकसंध गोळा झाले असतील तर हे जमत नाही, कारण घळीच शिल्लक नसतात. रॉ फाइल असल्यास सुरुवातीलाच सावल्या थोड्या उघडून घ्याव्यात.

काम बिघडले आहे का हे पाहण्याची माझी भरवशाची रीत छायारेषेची आहे. डोके निवडून नव्या थरावर पूर्ण काळे भरावे आणि चित्र अंगठ्याच्या नखाएवढे करून पाहावे. भांगाची दरी दिसली, एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली आणि कडेला कुठे तरी खंड पडला, तर काम ठीक आहे. गोल घुमट दिसला तर लटांकडे परत जायचे. दुसरी खूण चेहऱ्याची. केस वाढल्यावर चेहरा लहान वाटू लागला, तर उठाव जास्त झाला आहे, मग माप काहीही सांगो.

घट्ट वेणी किंवा अंबाडा असेल तर माथ्याला फुगवटा देऊ नये. बांधलेले केस ताणाने कवटीलाच चिकटतात आणि तिथे फार तर कपाळाच्या रेषेपासून गाठीपर्यंत ३-४ मिलिमीटरची हलकी कमान शोभते. पासपोर्टसारख्या ओळखपत्रांसाठी असा फोटो वापरता येत नाही. तिथे डोक्याचा आकार बदललेला चालत नाही, म्हणून त्या ग्राहकाची मूळ फाइल वेगळी जपून ठेवावी लागते.