कट-ऑफ तारीख आणि उंचीची झेप: वयोगटाच्या निवडीत नेमके काय चुकते?

१९८० च्या दशकातली गोष्ट. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात लेथब्रिज ब्रॉन्कोज या आइस हॉकी संघाचा सामना चालू होता. प्रेक्षकांत बसलेल्या पॉला बार्न्सली माहितीपत्रकातल्या खेळाडूंच्या जन्मतारखा वाचत होत्या. त्यातल्या बहुतेक जानेवारी ते मार्चच्या निघाल्या. त्यांचे पती रॉजर बार्न्सली मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी इतर संघांच्या याद्या काढल्या, तर तिथेही तेच चित्र. १९८५ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. क्यूबेकमधल्या संशोधकांनी आदल्याच वर्षी असाच निष्कर्ष फ्रेंचमध्ये मांडला होता.

कॅनडात हॉकीचे वयोगट १ जानेवारीपासून मोजले जात. म्हणजे जानेवारीतला आणि डिसेंबरमधला मुलगा एकाच गटात, पण पहिला जवळजवळ वर्षभराने मोठा. नऊ-दहा वर्षांच्या वयात एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा. मोठा मुलगा अंगाने दणकट असतो, सूचना लवकर समजतो, म्हणून निवडला जातो. मग त्याला चांगला प्रशिक्षक, जास्त सराव, जास्त सामने मिळतात आणि सुरुवातीला केवळ वयाचा असलेला फरक दोन-तीन वर्षांत कौशल्याचा होऊन बसतो.

यात जन्माच्या ऋतूचा तर हात नाही ना, ही शंका फुटबॉलने मिटवली. बेल्जियममध्ये १९९७ साली वयोगट मोजण्याची कट-ऑफ तारीख १ ऑगस्टवरून १ जानेवारीवर आणली गेली. संशोधक वेर्नर हेल्सेन आणि सहकाऱ्यांनी आधीच्या आणि नंतरच्या याद्या ताडून पाहिल्या. आधी ऑगस्टच्या आसपास जन्मलेल्यांची गर्दी होती, ती बदलानंतर जानेवारीकडे सरकली. देश तोच, ऋतू तेच. बदलली होती फक्त तारीख. आपल्याकडे बीसीसीआयच्या वयोगटांसाठी १ सप्टेंबर ही तारीख धरतात. त्यामुळे कुठल्याही वयोगट संघाची यादी हाती आली की सप्टेंबर ते नोव्हेंबरमधली मुले आधी मोजावीत. जन्म वर्षभर साधारण सारखे विखुरलेले असतील तर ती पाव हिश्श्याच्या आसपास असायला हवीत.

साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी मात्र दुसरेच प्रकरण सुरू होते, आणि निवड समित्या दोन्हींची गल्लत करतात. मुलांच्या उंचीची सर्वांत वेगवान वाढ सरासरी चौदाव्या वर्षाच्या सुमारास होते, मुलींची बाराव्या. पण कुणाची झेप बाराव्या वर्षीच येते, कुणाची सोळाव्या. जन्ममहिन्यामुळे पडणारा फरक जास्तीत जास्त बारा महिन्यांचा. वाढीतला फरक काही वर्षांचा. शिवाय दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. गटात सर्वांत लहान असलेला मुलगा लवकर वाढणारा असू शकतो आणि सर्वांत मोठा अजून मागे असू शकतो. म्हणून दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

जन्ममहिन्यासाठी मला सर्वांत पटलेला उपाय नेदरलँड्समधला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फुटबॉलच्या निवडकर्त्यांना मुलांच्या जन्मतारखा नुसत्या लिहून दिल्या, तेव्हा मोठ्या मुलांकडचा त्यांचा कल बदलला नाही. पण जर्सीचे क्रमांक वयाच्या क्रमाने दिले तेव्हा तो नाहीसा झाला. कागदावरची माहिती खेळ पाहताना मागे पडते, पाठीवरचा आकडा चेंडूबरोबर डोळ्यांसमोर धावत राहतो. निवड चाचणीत हे उद्यापासून करता येईल आणि त्याला खर्चही नाही.

वाढीसाठी इंग्लंडच्या फुटबॉल अकादमींनी ‘बायो-बँडिंग’, म्हणजे वयाऐवजी शारीरिक वाढीनुसार गट पाडणे, आजमावले. १९९४ च्या खामिस-रोश सूत्रात मुलाचे वय, उंची, वजन आणि आई-वडिलांची उंची घालून प्रौढपणीच्या उंचीचा अंदाज काढतात. समजा तेरा वर्षांच्या दोन मुलांचा अंदाज १७८ सेंमी आहे. एक आज १६४ सेंमी आहे, म्हणजे त्याने ९२ टक्के उंची गाठली. दुसरा १५० सेंमी, म्हणजे ८४ टक्के. काही सामन्यांत यांना जन्मवर्षाऐवजी टक्क्यांच्या गटात खेळवतात, म्हणजे दोघे वेगवेगळ्या गटांत जातात. पहिल्याला त्याच्या गटात आपल्याइतकीच दणकट मुले भेटतात, ताकदीवर निभत नाही आणि डोके चालवावे लागते. दुसऱ्याचे पदलालित्य आणि पास आता दिसू लागतात, कारण त्याला कोणी सहज ढकलून देत नाही.

सूत्राला मर्यादा आहेत. ते अमेरिकेतल्या गोऱ्या मुलांच्या मोजमापांवर बेतलेले आहे, त्यामुळे आपल्या मुलांसाठी त्याचा आकडा ढोबळच मानावा. पालक स्वतःची उंची वाढवून सांगतात. त्याने अंदाज फुगतो आणि मूल आहे त्यापेक्षा मागे असल्यासारखे दिसते. पालकांना टेपने मोजणेच बरे. त्याहून भरवशाची आहे नियमित नोंद. दर तीन महिन्यांनी, शक्यतो सकाळी, अनवाणी उंची मोजावी. संध्याकाळपर्यंत ती थोडी कमी होते. तीन महिन्यांत दोन सेंमीहून जास्त वाढ म्हणजे वर्षाला आठ सेंमीहून अधिक वेग, आणि झेप सुरू असल्याची ही खूण. या काळात मुलाची धावण्याची लय बिघडते, टाचा-गुडघे दुखतात. अशा वेळी झालेल्या एका चाचणीवरून त्याला संघाबाहेर काढू नये. झेप ओसरल्यावर पुन्हा पाहावे.