टीसीपीला तिसरा निरोप कशाला लागतो?

टीसीपी ही दोन संगणकांमध्ये जोडणी उघडून माहिती पोहोचवणारी नियमावली आहे. जोडणी उघडताना होणारा तिचा तीन निरोपांचा थ्री-वे हँडशेक शिकवताना बहुधा फोनवरील संभाषणाचे उदाहरण दिले जाते: ‘ऐकू येतंय का?’, ‘हो, तुम्हाला?’, ‘हो.’ हे उदाहरण चुकीचे नाही, पण त्यात मुख्य गोष्ट निसटते. या तीन निरोपांतून दोन्ही संगणक आपापला सुरुवातीचा क्रमांक समोरच्याला कळवतात आणि त्याची पोच मिळवतात.

वाटेत पॅकेट, म्हणजे माहितीचा एखादा तुकडा, हरवू शकते, मागेपुढे होऊ शकते किंवा दोनदा येऊ शकते. म्हणून टीसीपी प्रत्येक बाइटला क्रमांक देतो, आणि हा क्रम कोठून सुरू होणार हे प्रत्येक बाजू स्वतंत्रपणे ठरवते. समजा, क्लायंटने 1000 निवडला आणि सर्व्हरने 5000:

```
क्लायंट → सर्व्हर   SYN       seq=1000
सर्व्हर → क्लायंट   SYN, ACK  seq=5000  ack=1001
क्लायंट → सर्व्हर   ACK       seq=1001  ack=5001
```

`SYN` ही जोडणी सुरू करण्याची खूण, `ACK` ही पोच आणि `seq` हा पाठवणाऱ्याचा क्रमांक. `ack` म्हणजे ‘यापुढे मला हा क्रमांक हवा’. `SYN` स्वतः एक क्रमांक खर्च करतो, म्हणून 1000 ला उत्तर 1001 येते.

दुसऱ्या निरोपानंतर क्लायंटची खात्री पटलेली असते, पण आपला 5000 पोहोचला की नाही हे सर्व्हरला ठाऊक नसते. त्याहून मोठी अडचण जुन्या पॅकेटची आहे. समजा, क्लायंटने पूर्वी `seq=400` असा `SYN` पाठवला होता, तो वाटेत रेंगाळला आणि क्लायंटने तो प्रयत्न सोडून दिल्यावर सर्व्हरपाशी पोहोचला. तो शिळा आहे हे सर्व्हरला ओळखता येत नाही, त्यामुळे तो प्रामाणिकपणे `ack=401` असे उत्तर देतो. दोनच निरोप पुरेसे असते, तर सर्व्हरने येथेच जोडणी झाली असे मानून कोणीही मागत नसलेल्या जोडणीसाठी मेमरी अडकवून ठेवली असती. तिसऱ्या निरोपाची अट असल्यामुळे मात्र क्लायंटला 401 हा आकडा अनोळखी वाटतो, तो जोडणी रद्द करणारा `RST` पाठवतो आणि सर्व्हर ती अर्धवट जोडणी टाकून देतो. सप्टेंबर 1981 च्या आरएफसी 793 या मूळ दस्तऐवजात हँडशेकचे मुख्य कारण हेच दिले आहे.

पॅकेट तपासण्याच्या वायरशार्क या साधनात पहिल्या पॅकेटपुढे `Seq=0` दिसतो, म्हणून क्रमांक शून्यापासून सुरू होतात असा अनेकांचा समज होतो. तो सोयीसाठी दाखवलेला सापेक्ष आकडा असतो. खरा क्रमांक 32 बिटांचा असतो आणि बाहेरच्याला सहज ओळखता येऊ नये अशा रीतीने निवडला जातो, कारण तो ओळखता आला तर दुसऱ्याच्या नावाने खोटी जोडणी उघडता येते. तरीही हँडशेक झाला म्हणजे जोडणी ‘सुरक्षित’ झाली, ही समजूत निराधार आहे: यात ना काही कूटबद्ध होते, ना समोरचा कोण आहे याची ओळख पटते.

हँडशेक फसला तर तो कोठे फसला, हे त्रुटीच्या संदेशावरूनही बरेचसे कळते. `Connection refused` दिसले तर बहुधा सर्व्हरपर्यंत `SYN` पोहोचला, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नसल्याने उलट `RST` आला. `Connection timed out` दिसले तर क्लायंटने `SYN` पुन्हापुन्हा पाठवूनही काहीच उत्तर आले नाही, आणि अशा वेळी आधी फायरवॉल तपासावी.