दोन प्रकल्पांतून एकाची निवड : एनपीव्ही आणि आयआरआर

एनपीव्ही म्हणजे निव्वळ वर्तमान मूल्य : प्रकल्पातून पुढे येणारे पैसे एका ठरावीक दराने आजच्या किमतीत आणायचे आणि त्यातून घातलेली रक्कम वजा करायची. आयआरआर म्हणजे ज्या दराला ही वजाबाकी बरोबर शून्य येते तो दर. प्रकल्प एकटाच असेल आणि पैसे आधी जाऊन नंतर येत असतील तर दोन्ही एकच उत्तर देतात, घ्या किंवा सोडा. गडबड होते ती दोनातला एकच घेता येतो तेव्हा.

समजा फ्लेक्स छपाईचा गाळा आहे आणि त्यात एकच मशीन बसतं. छोटं 10 लाखांचं, खर्च जाऊन वर्षाला 5 लाख देतं. मोठं 30 लाखांचं, वर्षाला साडेतेरा लाख देतं. दोन्ही तीन वर्षं चालतात, नंतर भंगारात काही येत नाही असं धरू. छोट्याचा आयआरआर येतो 23.4 टक्के, मोठ्याचा 16.6, त्यामुळे बघणारा लगेच छोट्यावर बोट ठेवतो. पण पैशाचा खर्च 10 टक्के धरून एनपीव्ही काढला तर छोट्याचा 2.43 लाख आणि मोठ्याचा 3.57 लाख, म्हणजे मोठं मशीन मालकाला 1.14 लाख जास्त देतं.

असं का होतं तर टक्का किती रकमेवर मिळतोय हे आयआरआर सांगतच नाही. म्हणून प्रश्न असा विचारायचा, की मोठ्या मशीनसाठी जे जादा 20 लाख घालायचे ते काय कमावतात? ते वर्षाला साडेआठ लाख आणतात, त्यांचा आयआरआर 13.2 टक्के. पैसा 10 टक्क्यांनी मिळत असेल तर हे जादा 20 लाख घालणं फायद्याचंच. हा 13.2 म्हणजेच दोघांचे एनपीव्ही सारखे होतात तो दर, अर्थतज्ज्ञ अर्विंग फिशर यांच्या नावावरून याला फिशर रेट म्हणतात. पैसा 15 टक्क्यांना पडत असेल तर चित्र उलटतं, छोटं 1.42 लाख आणि मोठं फक्त 82 हजार. म्हणून माझ्या मते आधी दर नीट ठरवावा, म्हणजे तेवढ्याच जोखमीच्या दुसऱ्या कामात आपला पैसा काय मिळवेल ते बघावं, बाकी सगळं त्यावरच ठरतं.

एक्सेलमध्ये हमखास एक चूक होते. तिथलं एनपीव्ही फंक्शन पहिला आकडा वर्षाअखेरचा धरतं, त्यामुळे आज घातलेली रक्कम बाहेर ठेवायची (B1 मध्ये ती उणे लिहिलेली) :

```
=NPV(10%,B2:B4)+B1
```

ती आत टाकली तर मोठ्या मशीनचे 3.57 ऐवजी 3.25 लाख दिसतात.

दोन मशीनची आयुष्यं वेगळी असतील, एक तीन वर्षांत बदलावं लागतं आणि दुसरं सहा वर्षं चालतं, तर थेट एनपीव्हीची तुलनाही चालत नाही, दोघांना सहा वर्षांवर आणून तीन वर्षांच्या मशीनची दुसरी खरेदी हिशोबात धरावी लागते. आणि खाणीसारखं शेवटी पुन्हा मोठा खर्च येणारं काम असेल तर एकाच प्रकल्पाचे दोन आयआरआर निघू शकतात, तिथे एनपीव्हीच बघायचा.