पालुपदामागची व्यक्तिबोली

व्यक्तिचित्र लिहिणारा माणूस बोलण्यातले पालुपद सर्वांत आधी टिपतो, कारण ते कानाला चटकन सापडते. भाषाविज्ञानात एका माणसाच्या बोलण्याच्या एकूण घडणीला व्यक्तिबोली म्हणतात आणि तिचा बराच भाग पालुपदाबाहेर असतो. जॉन बरोज या अभ्यासकाने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जेन ऑस्टिनच्या पात्रांचे संवाद वेगळे काढून त्यांतील ‘द’, ‘ऑफ’, ‘आय’ यांसारख्या अगदी किरकोळ शब्दांचे प्रमाण मोजले. वाचताना ज्यांच्याकडे लक्षही जात नाही, त्या शब्दांच्या प्रमाणावरून पात्रे एकमेकांपासून वेगळी काढता येतात, असे त्यातून दिसले.

मराठीत अशा शब्दांबरोबरच क्रियापदाची रूपेही बोलकी असतात. समजा, शाळेतून निवृत्त झालेल्या एका कारकुनाचे, नानांचे, चित्र लिहायचे आहे. त्यांचे पालुपद ‘करू की, त्यात काय!’ हे आहे. नीट ऐकले तर लक्षात येते की जे काम करायचे नसते, त्याच कामाला ते हे उत्तर देतात. खरोखर करायचे असेल तर ‘कधी पाहिजे?’ एवढेच विचारतात. शिवाय आश्वासन देताना ‘होईल’, ‘बघितलं जाईल’ अशी रूपे येतात, म्हणजे कर्ता गायब; तक्रार करताना मात्र ‘मी तेव्हाच सांगितलं होतं’ असा ‘मी’ ठळकपणे हजर होतो. नानांची ओळख या वाटणीत आहे.

लेखात पालुपद पहिल्यांदा येते तेव्हा वाचक ते होकार समजतो, दुसऱ्यांदा काम झालेले नसते, आणि तिसऱ्यांदा मुलगी ‘डॉक्टरांकडे जाऊन या’ म्हणते व नाना तेच उत्तर देतात, तेव्हा ते जाणार नाहीत हे वाचकाला तिच्याआधी कळते. हेच शब्द प्रत्येक परिच्छेदात पेरले तर उरते ती नक्कल. (विनोदी लेखनात ती चालते, पण तिथेही लवकर शिळी होते.) तपासायचे असेल तर पालुपद खोडून उरलेला संवाद वाचावा, बोलणारा ओळखू आला नाही, तर लकब वरवरची आहे.

बरोज यांच्यासारखी मोजणी करायला पात्राच्या तोंडचे हजारो शब्द हाताशी लागतात. छोट्या लेखात आकडे भरवशाचे ठरत नाहीत आणि कानावरच विसंबावे लागते. त्यातही माणूस समोरच्यानुसार बोलणे बदलतो. भाषाशास्त्रज्ञ ॲलन बेल यांना न्यूझीलंडमध्ये असे आढळले की तेच वृत्तनिवेदक दोन वेगळ्या श्रोतृवर्गांच्या रेडिओ केंद्रांवर वेगवेगळे उच्चार करत. त्यामुळे नानांना घरच्यांशी बोलताना ऐकून भागत नाही. मुख्याध्यापकांसमोर त्यांचा ‘की’ गळून ‘करतो, सर’ होत असेल आणि काम तरीही होत नसेल, तर लेखात ती दोन्ही उत्तरे हवीत.