टोकनचा फॉर्म आणि अलॉटमेंट लेटर: रिफंड मागताना कुठला कागद धरायचा

माझ्या मावसभावाने खारघरला ८० लाखाचा टू बीएचके बघितला, एक लाखाचा टोकन चेक दिला आणि मग बँकेने लोन कमी सँक्शन केलं. अ‍ॅग्रीमेंट व्हायचं होतं, म्हणून रद्द करायला गेला तर सेल्सवाल्याने फॉर्म पुढे सरकवला, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, टोकन नॉन-रिफंडेबल. भाऊ तिथंच गार पडला.

गडबड अशी की लोक हा फॉर्म आणि अलॉटमेंट लेटर, म्हणजे फ्लॅट तुमच्यासाठी बुक केल्याचं बिल्डरचं पत्र, एकच समजतात. फॉर्म बिल्डरने स्वतः छापलेला, त्यात त्याला हवं ते लिहितो. अलॉटमेंट लेटरचा मात्र महारेराने २०२२ मध्ये नमुना ठरवून दिलाय आणि त्यात रद्द केल्यावर किती कापायचं याचं टेबलच आहे: लेटर दिल्यापासून १५ दिवसांत रद्द केलं तर शून्य, १६ ते ३० दिवसांत १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड, त्यानंतर २ टक्के. यापेक्षा जास्त कापायचं नाही.

आता इथे दोन ठिकाणी माणूस फसतो. एक, टक्का टोकनवर नाही, फ्लॅटच्या किमतीवर असतो, म्हणजे ८० लाखाचा १ टक्का ८० हजार, लाखातले हातात उरणार २० हजार, आणि दीड टक्क्याच्या स्लॅबमध्ये गेलात तर १ लाख २० हजार, टोकन साफ. दुसरं, दिवस लेटरच्या तारखेपासून मोजायचे, चेकच्या नाही. भावाचा चेक ३ जूनचा, लेटर मेलवर आलं १४ जूनला, रद्द केल्याचा मेल आम्ही २६ जूनला टाकला. सेल्सवाला म्हणे "तेवीस दिवस झाले सर, एक टक्का जाणार", पण लेटरपासून बाराच दिवस होतात, कापायचं शून्य!

फोनवर सांगून काही होत नाही हां, लेखीच द्या. मेल टाका आणि स्पीड पोस्टनेही पाठवा, कारण नमुन्याप्रमाणे रद्दचं पत्र मिळाल्यापासून ४५ दिवसांत उरलेले पैसे परत द्यायचे असतात, आमच्या केसमध्ये १० ऑगस्टपर्यंत. उशीर केला तर स्टेट बँकेचा सर्वात जास्त एमसीएलआर, म्हणजे बँक कर्जासाठी धरते तो मूळ व्याजदर, त्यावर २ टक्के धरून व्याज लागतं. वेळेत दिले तर व्याज नाही.

बिल्डरचं लेटर नमुन्यापेक्षा वेगळं वाटलं तर महारेराच्या साइटवर त्या प्रोजेक्टच्या पानावर त्याने अपलोड केलेलं लेटर उघडून रद्दचं कलम ताडून बघा.

आणि लेटर मिळालंच नसेल, नुसता फॉर्म असेल, तर हे टेबल थेट लागत नाही, तिथे वाद घालावा लागतो. मग रिसीट, चेकची एंट्री आणि फॉर्मची कॉपी हेच हातात असतं. टोकन ब्रोकरच्या स्वतःच्या जीपेवर टाकलं असेल तर तेही नाही, बिल्डर सरळ म्हणतो आमच्याकडे पैसे आलेच नाहीत.