‘साप’ आणि ‘शाप’ यांच्यातलं सेंटिमीटरभर अंतर

एका मैत्रिणीने वाचलेल्या कथेचं रेकॉर्डिंग सफाईसाठी माझ्याकडे आलं. आवाज गोड होता, वाचन संथ होतं, पण प्रत्येक ‘स’ कानात सुईसारखा टोचत होता. मी डी-एसर लावला. असा टोचरा ‘स’ आला की तेवढ्या क्षणापुरती त्याची धार आपोआप कमी करणारं हे सॉफ्टवेअर. टोचणं थांबल्यावर मी खुशीने फाइल परत पाठवली. दोन तासांनी तिचा फोन आला, “अगं, मी बोबडी कधी झाले?” पुन्हा ऐकलं तर तिचं बरोबर होतं. ‘सकाळी सात वाजता साप सरपटत शिडीखाली गेला’ हे वाक्य जीभ दातांत अडकलेल्या माणसाने म्हटल्यासारखं वाटत होतं, आणि ‘साप’ तर ‘शाप’कडे झुकला होता.

हे का झालं ते कळायला ‘स’ तोंडात कसा तयार होतो ते पाहावं लागतं. मला या विषयातला सर्वांत आवडणारा भाग तोच आहे.

गळ्यावर बोट ठेवून लांब ‘आ’ म्हणा. बोटाला थरथर जाणवते. आता लांब ‘सऽऽऽ’ म्हणा. थरथर नाही. ‘स’मध्ये स्वरतंतू गप्प असतात, सगळं काम हवा करते. जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या हिरडीजवळ जातं, जिभेच्या मधोमध एक बारीक पन्हळ तयार होते आणि त्यातून हवेचा झोत सुटून थेट दातांवर आदळतो. तिथे हवा खवळते आणि खसखस सुरू होते. आपल्या व्याकरणात श, ष, स, ह यांना ‘उष्मे’ म्हणतात. त्यातल्या पहिल्या तिघांची धार मात्र ‘ह’ला नाही, कारण ‘ह’चा झोत दातांवर असा नेम धरून आदळत नाही.

या खवळलेल्या हवेत उंच पट्टीचे सगळे सूर मिसळलेले असतात. त्यातले कुठले उठून दिसणार हे ठरवते जिभेच्या अडथळ्यापासून ओठांपर्यंतची छोटीशी पोकळी. एका टोकाला जवळजवळ बंद आणि दुसऱ्या टोकाला उघडी अशी नळी आपल्या लांबीच्या चौपट तरंगलांबीला साथ देते, हे आपण शाळेत अनुनाद नळीच्या प्रयोगात शिकलेलो असतो. ‘स’ म्हणताना ही पोकळी साधारण १.२ सेंटिमीटर धरा. चौपट केली की ४.८ सेंटिमीटर. तोंडातल्या उबदार हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५,००० सेंटिमीटर. भागाकार केला की उत्तर येतं ७,३०० हर्ट्झच्या आसपास, आणि खऱ्या ‘स’चं शिखर बऱ्याचदा तिथेच सापडतं. ‘श’साठी जीभ थोडी मागे सरकते, तिच्याखाली जागा मोकळी होते, ओठही किंचित पुढे येतात. पोकळी अडीच सेंटिमीटरची झाली की तोच हिशेब ३,५०० हर्ट्झवर येतो. तोंड म्हणजे काही सरळ नळी नव्हे, त्यामुळे आकडे ढोबळ आहेत, पण दिशा पक्की आहे. लांब ‘सऽऽऽ’ म्हणताना हळूहळू ओठांचा चंबू करा. आवाज ‘श’कडे उतरत जाताना स्वतःच्या कानांनी ऐकू येईल.

म्हणजे कान ‘स’ ओळखतो तो ती खसखस किती मोठी आहे यावरून कमी आणि तिचं शिखर कुठे आहे यावरून जास्त. इंग्रजी ‘थिंक’मधल्या ‘थ’ला असं शिखर जवळजवळ नसतं. हवा जीभ आणि दात यांच्यामधून पसरट निघते आणि आवाज दुबळा, सपाट होतो. बोबड्या ‘स’ची चाल तशीच असते. जुन्या पद्धतीच्या टेलिफोनवर ३,४०० हर्ट्झच्या वरचं काही जातच नसे, त्यामुळे अनोळखी नाव सांगताना ‘स की फ?’ असं विचारावं लागे. शिखरच कापलं गेलं होतं, ऐकणाऱ्याचा कान ठीकच होता.

आता माझी चूक सांगते. मी वापरलेला डी-एसर ‘स्प्लिट-बँड’ पद्धतीचा होता, म्हणजे ५,००० हर्ट्झच्या वरचाच भाग दाबणारा. कल्पना शहाणपणाची वाटते, टोचतं तिथेच दाबायचं. पण मी दाबलं फार. डी-एसर त्या वरच्या पट्ट्यातली पातळी सतत मोजत असतो आणि ती थ्रेशोल्डच्या, म्हणजे आपण ठरवलेल्या मर्यादेच्या, वर गेली की ठरलेल्या प्रमाणात खाली आणतो. डिजिटल आवाजात सर्वांत मोठी पातळी शून्य धरतात आणि बाकी सगळं उणेमध्ये मोजतात. या रेकॉर्डिंगमध्ये ‘स’ त्या पट्ट्यात उणे १२ डेसिबलला पोचत होते. थ्रेशोल्ड मी उणे ३४ वर ठेवला होता आणि प्रमाण २ला १, म्हणजे जेवढं वर गेलं त्याच्या निम्मं कापायचं. ‘स’ थ्रेशोल्डच्या २२ डेसिबल वर, म्हणून कपात ११ डेसिबलची. एवढ्याने वरचं शिखर खाली बसलं, ५,०००च्या खालची खसखस मात्र होती तशीच राहिली. उरलेल्या आवाजाचा तोल खाली सरकला. कानाला तो कधी सपाट आणि बोबडा वाटला, तर कधी ‘श’च्या वाटेवरचा. शिवाय ‘शिडी’तला ‘श’ त्या पट्ट्यात उणे २२ला होता, तोही ६ डेसिबलने कापला गेला. ‘सकाळी’तल्या ‘ई’चे वरचे सूरसुद्धा उणे ३२ला पोचत होते, त्यामुळे स्वरावरही हलका हात फिरत होता.

चूक कळण्याची एक सोपी सोय बऱ्याच डी-एसरमध्ये असते. फक्त काढून टाकलेला भाग ऐकवणारं एक बटण असतं. मी ते आधी दाबलंच नव्हतं. दाबल्यावर ‘त्स, त्स’ अशा सुट्या टिचक्यांऐवजी अर्धवट शब्द ऐकू आले, कुजबुजत कुणी वाचल्यासारखे. त्या कचऱ्यातून वाक्य समजत असेल तर डी-एसर वाक्यच खातो आहे असं समजावं.

दुरुस्तीला सुरुवात थ्रेशोल्डपासून केली. तो उणे २० वर आणला. आता ‘स’ ८ डेसिबल वर, कपात ४ डेसिबलची. ‘श’ आणि ‘ई’ दोन्ही सुटले. पण ‘सात’चा ‘स’ एकटाच उणे ६ला उसळला होता. त्याच्यासाठी सगळ्या वाचनाचा थ्रेशोल्ड खाली आणणं म्हणजे एका उनाड पोरापायी अख्ख्या वर्गाला शिक्षा. तो हाताने कमी केला. तरंगचित्रात ‘स’ लगेच ओळखू येतो, स्वराच्या सुट्या लाटांच्या आधीचा दाट, केसाळ पुंजका. तेवढाच निवडून ५ डेसिबल खाली आणला.

मग पद्धत बदलली. ‘वाइडबँड’ पद्धतीत डी-एसर ऐकतो वरचाच पट्टा, पण ‘स’ सापडल्यावर तेवढ्या क्षणी सगळा आवाज कमी करतो. हे रांगडं वाटतं, मलाही वाटायचं. पण ‘स’ चालू असताना स्वरतंतू गप्प असतात, मग खाली वाचवण्यासारखं असतं तरी काय? सगळंच सारखं कमी केलं तर शिखर आणि पायथा यांचं प्रमाण टिकतं. ‘स’ लहान होतो पण ‘स’च राहतो. माझा अनुभव असा की एकट्या बोलण्याच्या आवाजावर, स्पष्ट सुट्या ‘स’साठी, ही पद्धत बोबडेपणापासून जास्त वाचवते. मागे संगीत मिसळलेलं असेल तर मात्र ते प्रत्येक ‘स’ला बुडी मारताना ऐकू येतं. तिथे स्प्लिट-बँडच वापरावी, हलक्या हाताने.

सगळा आवाज कमी करायचा म्हटला की वेळ नेमकी लागते. बोलण्यातला ‘स’ सुमारे दशांश सेकंद टिकतो. माझ्या पहिल्या सेटिंगमध्ये रिलीज, म्हणजे कपात सोडून पूर्ववत व्हायचा वेळ, २५० मिलिसेकंद होता. ‘स’ संपून ‘आ’ सुरू झाला तरी हात दाबलेलाच. आता अटॅक, म्हणजे कपात सुरू व्हायचा वेळ, १ मिलिसेकंद आणि रिलीज ४० ठेवला. ‘स’कडून ‘आ’कडे जातानाच्या त्या निसटत्या वळणातही कानाला व्यंजनाची खूण मिळत असते, ते वळण बोथट होऊ देऊ नये.

डी-एसर मी काँप्रेसरच्या, म्हणजे मोठा आवाज दाबून चढउतार कमी करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, आधी ठेवते. काँप्रेसर एकूण पातळीकडे पाहतो, म्हणून भरदार स्वर दाबतो. नंतर आपण सगळाच आवाज वर उचलतो आणि दाबला न गेलेला ‘स’ आयता वर येतो. कितीतरी रेकॉर्डिंगमधला टोचरेपणा तोंडातून आलेला नसतोच, तो इथे तयार होतो.

‘डी-एसर ६,००० हर्ट्झला लावा’ असा मंत्र सगळीकडे फिरत असतो, आणि ‘एका क्लिकमध्ये रेडिओसारखा आवाज’ देणारे प्रीसेट तर पैसे घेऊन विकले जातात. दोन्हींवर विश्वास ठेवू नका. पोकळीची लांबी तोंडागणिक बदलते. बायकांच्या आणि मुलांच्या ‘स’चं शिखर सहसा पुरुषांपेक्षा वर असतं. माझ्या मैत्रिणीचं ७,५००च्या आसपास निघालं. ते शोधायला कुठला मंत्र लागत नाही. दोन-चार ‘स’ निवडून स्पेक्ट्रम ॲनालायझरमध्ये पाहिले की डोंगर कुठे आहे ते दिसतं.

एक गोष्ट मात्र डी-एसरला जमली नाही. कथेच्या शेवटच्या भागात काही ‘स’मध्ये शिट्टी होती. शिट्टी म्हणजे पसरट खसखस नव्हे, एकाच वारंवारतेचा टोकदार सूर. ती दाबायला गेलं की भोवतीचा चांगला ‘स’ आधी मरतो आणि शिट्टी उरते. तेवढी पाच वाक्यं तिच्याकडून पुन्हा वाचून घेतली. माइक तोंडासमोरून काढून थोडा बाजूला, हनुवटीच्या दिशेने वळवला, कारण दातांवरून सुटणारा झोत सरळ पुढे जातो आणि त्याची धार बाजूला बरीच कमी असते. या नव्या पाच वाक्यांत डी-एसरचा काटा दोनदाच हलला, तोही २ डेसिबलच्या आत. नवी फाइल ऐकून तिचा पुन्हा फोन आला. या वेळी ‘स’बद्दल ती काहीच बोलली नाही. तिसऱ्या परिच्छेदात एक शब्द चुकीचा वाचला गेला होता, तेवढा बदलता येईल का, असं तिने विचारलं.