उलटं छापलेलं शांघाय

परवा एका माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर शांघायच्या उंच इमारतींचा फोटो पाहिला. फोटो सुरेख होता, फक्त उलटा होता. खाली डोकं वर पाय असा नव्हे, तर आरशात दिसावा तसा, डावं-उजवं बदललेला. मित्राला दाखवला तर तो म्हणाला, "अरे, इमारतींच्या मागच्या बाजूने काढला असेल. तिकडून सगळं उलटंच दिसणार ना?" शंका रास्त होती, म्हणून हा लेख.

आधी शहर कसं ओळखायचं ते पाहू. इथे इमारतींचे शेंडे कामाला येतात. शांघायमधल्या हुआंगपू नदीच्या पूर्व काठावरच्या लुजियाझुई भागात तीन अत्युच्च इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत. जिन माओ (४२०.५ मीटर, १९९९) वर जाताना पॅगोडासारखी टप्प्याटप्प्याने निमुळती होते. वर्ल्ड फायनान्शियल सेंटरच्या (४९२ मीटर, २००८) माथ्याला आरपार खिडकी आहे, म्हणून लोक तिला 'बाटलीचं ओपनर' म्हणतात. तिसरा शांघाय टॉवर, ६३२ मीटर, गोलसर आणि पिळलेला. या तिघांपासून थोडा सुटा, गोळे ओवल्यासारखा दिसणारा ओरिएंटल पर्ल मनोरा. हे चौघं एका फोटोत दिसले की शहराबद्दल वाद उरत नाही.

उंचीवर मात्र विसंबू नये. नदीच्या पश्चिम काठावरच्या 'बंड' या रस्त्यावर, नानजिंग रस्त्याच्या टोकाशी उभं राहिलं, तर ४६८ मीटरचा पर्ल ६३२ मीटरच्या टॉवरपेक्षा उंच दिसतो. तो टॉवरच्या तुलनेत जेमतेम ६० टक्के अंतरावर आहे, एवढंच त्याचं कारण.

आता मित्राची शंका. बंडवरून पाहिल्यास डावीकडून क्रम लागतो तो असा: पर्ल, जिन माओ, ओपनर, शांघाय टॉवर. पूर्वेकडून, म्हणजे इमारतींच्या मागच्या बाजूने पाहिलं तर तो उलटतो. आरशातही उलटतो. म्हणजे नुसत्या क्रमावरून निकाल लागत नाही. पण कोण कोणाला झाकतं ते पाहा. बंडवरून जिन माओ पुढे आणि ओपनर तिच्या मागे असते. पूर्वेकडून ओपनर पुढे येते आणि पर्ल सगळ्यांच्या मागे जातो. आरसा डावं-उजवं बदलतो, पण पुढचं मागे नेऊ शकत नाही. माहितीपत्रकावर तोच उलटा क्रम होता, टॉवर सगळ्यात डावीकडे, पर्ल सगळ्यात उजवीकडे, आणि तरीही जिन माओ ओपनरच्या पुढे, पर्ल नदीकाठी सर्वांत जवळ! असं दृश्य कुठेही उभं राहून दिसणार नाही.

माझा आवडता पुरावा मात्र वेगळाच आहे, आणि त्यासाठी वाऱ्याकडे वळावं लागेल. सरळसोट उंच इमारतीवरून वारा गेला की तिच्या दोन बाजूंनी आळीपाळीने भोवरे सुटतात आणि ती वाऱ्याला आडवी डुलू लागते. सगळ्या उंचीवर भोवरे एकाच ठेक्यात सुटले तर धक्क्यांची बेरीज होते. शांघाय टॉवर तळापासून माथ्यापर्यंत सुमारे १२० अंश पिळलेला आहे. त्यामुळे दर उंचीवर वाऱ्यासमोर वेगळी बाजू येते, ठेका मोडतो आणि बेरीज होत नाही. बोगद्यात कृत्रिम वारा सोडून केलेल्या चाचण्यांत या आकाराने वाऱ्याचा भार सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं.

आता गंमत बघा. एक स्क्रू हातात घ्या. समोरून बघा, मागून बघा, उलटा धरा, त्याचे आटे एकाच दिशेने चढताना दिसतात. आरशात बघा, ते दुसरीकडे चढू लागतात. पीळ घातलेल्या दोरीचंही तसंच. म्हणजे शांघाय टॉवर शहराच्या कुठल्याही कोपऱ्यातून पाहिला तरी त्याचा पीळ एकाच दिशेचा दिसणार. ज्याबद्दल खात्री आहे असा एक फोटो शेजारी ठेवायचा आणि टॉवरच्या अंगावर तळापासून माथ्यापर्यंत गेलेली तिरपी खाच कुठल्या बाजूला झुकत वर जाते ते दोन्हींत ताडून पाहायचं. मात्र खाच टॉवरच्या मधल्या भागात पाहावी. कडेला पाहिलं तर इमारत वर निमुळती होत गेल्याचा उतार पिळात मिसळतो आणि डोळा फसतो. सहाशे मीटरांत १२० अंश म्हणजे पीळ तसा सौम्यच. धुरकट हवेत किंवा पुसट छपाईत तो हरवतो. मग झाकण्याचाच पुरावा धरावा.

मित्राने भिंग मागितलं. दोन्ही फोटो पाच मिनिटं न्याहाळले आणि म्हणाला, "मग कुठल्यातरी इमारतीवरची पाटीच का नाही वाचली?" पाटी होती, पण तिच्यावर नेमका मथळा छापलेला होता.